गुळगुळीत झालेल्या अकरा चेहऱ्यांविषयी एका स्टुडिओस खुले पत्र

प्रति,
माननीय स्टुडिओचालक,
सोलापूर.

विषय : कौटुंबिक फोटोतील चेहऱ्यांवर झालेले जादा रिटचिंग काढून फोटो नव्याने तयार करून मिळण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या जानेवारीत, गड्ड्याची यात्रा आटोपल्यानंतरच्या आठवड्यात, माझ्या सासऱ्यांच्या सहस्रचंद्रदर्शनानिमित्त आमच्या घरातील अकरा जणांचा एकत्र फोटो आपल्या स्टुडिओत काढण्यात आला. सोळा बाय चोवीस इंचांची मॅट प्रिंट, लॅमिनेशन आणि सागवानी रंगाची फ्रेम अशी आमची ऑर्डर होती आणि ती ठरलेल्या दिवशी आमच्या हाती आली. त्या प्रिंटमधील चेहरे इतके गुळगुळीत करण्यात आले आहेत, की घरातील दोन माणसे आम्हाला कपड्यांवरून ओळखावी लागली. तो फोटो मूळ फाइलवरून पुन्हा करून द्यावा, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पत्र खुले असले तरी त्यात आपल्या स्टुडिओचे नाव मी जाणीवपूर्वक घातलेले नाही. आपली बदनामी करण्याचा माझा हेतू नाही, आणि जी तक्रार मी करणार आहे ती शहरातील इतर अनेक स्टुडिओंनाही लागू पडेल, हे नात्यागोत्यातील घरांच्या भिंती पाहून मला ठाऊक झाले आहे. मी स्वतः बावीस वर्षे डीटीपीचे काम केले आहे. लग्नपत्रिका, दुकानांची कॅलेंडरे, श्रद्धांजलीचे फलक असे सगळे केले आहे आणि त्यासाठी लोकांचे शेकडो चेहरे पडद्यावर उघडून साफ केले आहेत. त्यामुळे रिटचिंग म्हणजे काय आणि ते कशासाठी करतात हे मला समजते. ते करूच नये असे माझे म्हणणे नाही.

आधी जे चांगले झाले ते नोंदवते. नानांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, गुडघे वाकत नाहीत हे पाहून आपल्या छायाचित्रकाराने त्यांना उंच बैठकीची खुर्ची दिली आणि बाकीच्या खुर्च्यांखाली पाट सरकवून सगळ्यांची उंची जुळवली. चष्म्याच्या काचेत लाइट चमकू लागला तेव्हा चष्मा काढायला न लावता काड्या कानांवरून किंचित वर उचलून काचा खाली झुकवल्या. धाकट्या पुतण्याने सात वेळा डोळे मिटले, तरी कोणी त्याच्यावर खेकसले नाही. प्रकाश डावीकडून मऊ येत होता, त्यामुळे प्रत्येक चेहऱ्याला उंचसखलपणा होता. निवडीच्या वेळी छायाचित्रकाराने कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर फोटो मोठा करून दाखवला, तेव्हा नानांच्या गालावरचा एकेक व्रण दिसत होता. म्हणजे कॅमेऱ्याने जे टिपायला हवे होते ते टिपलेले होते. जे काही गेले ते नंतर, संगणकावर गेले.

फ्रेम घरी आली त्या संध्याकाळी काय झाले ते सांगते, कारण तक्रारीचा गाभा त्यातच आहे. वर्तमानपत्राचा कागद काढून फोटो दिवाणावर ठेवला. सासूबाईंनी चष्मा लावला, बोट धरून एकेक चेहरा पाहिला, आणि स्वतःच्या चेहऱ्यापाशी आल्यावर नकळत हनुवटीवर हात नेऊन म्हणाल्या, "माझं गोंदण कुठं गेलं?" त्यांच्या हनुवटीवर मधोमध एक हिरवट ठिपका आहे. लग्नाआधी माहेरी, अक्कलकोटच्या बाजूला, गोंदणारणीने तो काढला होता. आम्ही सगळ्यांनी सासूबाईंना त्या ठिपक्यासहच पाहिलेले आहे. फोटोत त्या जागी नितळ कातडी आहे. नाना फोटोकडे बराच वेळ पाहत राहिले आणि मग त्यांनी अगदी शांतपणे विचारले, "ह्यो मधी बसलाय तो कोण?" आम्ही हसलो, पण ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरोखर क्षणभर उमगले नव्हते.

नानांना वयाच्या सहाव्या वर्षी देवी आल्या होत्या. दोन्ही गालांवर आणि नाकाच्या शेंड्यावर त्या व्रणांचे खड्डे आहेत. डाव्या भुवईतून एक आडवी रेघ गेलेली आहे, तिथे केस उगवत नाहीत. ते चादरीच्या कारखान्यात यंत्रमागावर होते आणि एकदा सुटलेला धोटा तिथे लागला होता. हे सारे फोटोतून नाहीसे झाले आहे. व्रण भरून निघाले आहेत, भुवई सलग झाली आहे आणि कपाळाच्या आठ्यांच्या जागी फिकट पट्टे उरले आहेत. आपल्या ऑपरेटरचे वय मी फोनवरच्या आवाजावरून पंचवीसच्या आसपास धरते. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला. त्यानंतर जन्मलेल्या कोणाच्याही चेहऱ्यावर हे व्रण असण्याचे कारण नाही. त्या मुलाने असा चेहरा जवळून पाहिलाच नसेल, तर त्याला ते मुरुमांचे डाग वाटले यात त्याचा फार दोष आहे असे मला वाटत नाही. पण मग त्याने विचारायला हवे होते.

आता आपण फोटो समोर घ्यावा आणि मी सांगते त्या तीन जागा पाहाव्यात, म्हणजे माझे म्हणणे केवळ भावनेतून आलेले नाही हे लक्षात येईल. पहिली जागा सासूबाईंचे हात. ते मांडीवर एकावर एक ठेवलेले आहेत आणि त्यांवरची प्रत्येक शीर, प्रत्येक सुरकुती, बांगड्यांच्या वरची सैल कातडी अगदी जशीच्या तशी आहे. त्या हातांच्या वर जो चेहरा आहे, त्यावर मात्र एकही सुरकुती नाही. चेहरा चाळिशीचा आणि हात ऐंशीचे. सॉफ्टवेअर चेहरा ओळखून तेवढ्याच भागावर काम करते, हात तसेच सोडते, म्हणून हा प्रकार होतो. दुसरी जागा कान. नानांचा कान दाट, रेषांनी भरलेला दिसतो आणि त्याला लागून असलेला गाल मेणाचा दिसतो. दोघांच्या मधे जिथे एक संपून दुसरा सुरू होतो तिथे पुसट कडा आहे. तिसरी जागा माझ्या धाकट्या दिराची दाढी. त्याने चार दिवसांचे खुंट ठेवले होते. ते केस आता केस राहिलेले नाहीत, जबड्यावर राखाडी रंगाचा बोळा फिरवल्यासारखे दिसते. सासूबाईंच्या कुंकवाची कडाही अशीच विरघळली आहे, जणू घामाने ओघळले आहे. त्या दिवशी थंडी होती आणि कुंकू ताजे होते.

हे का झाले, याविषयी मी आपल्या स्टुडिओत फोन केला होता. ऑपरेटर अतिशय सौजन्याने बोलला. तो म्हणाला, "ताई, लग्नाच्या फोटोला जे सेटिंग लावतो तेच लावलंय, वेगळं काही नाही." त्याचे हे वाक्य खरे आहे आणि चूक नेमकी त्यातच आहे, असे मला वाटते. ती उलगडून सांगण्यासाठी थोडे आकडे द्यावे लागतील.

आपला कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे असे छायाचित्रकाराने सांगितले होते. म्हणजे पूर्ण फोटो आडवा ६००० आणि उभा ४००० पिक्सेल. एकट्या नवरीचा जवळून फोटो काढला, तर तिचा चेहरा रुंदीला सहज १२५० पिक्सेल भरतो. आमचे अकरा जण दोन रांगांत बसले-उभे राहिले, त्यांना मावण्यासाठी कॅमेरा मागे न्यावा लागला आणि प्रत्येकाचा चेहरा जेमतेम २५० पिक्सेल उरला. चोवीस इंचांच्या प्रिंटवर तो एक इंच होतो. मी पट्टी लावून मोजला आहे. माणसाचा चेहरा प्रत्यक्षात सुमारे १५ सेंटिमीटर रुंद असतो. तेव्हा नवरीच्या फोटोत एक पिक्सेल म्हणजे मिलिमीटरचा साधारण आठवा हिस्सा, आणि आमच्या फोटोत तोच एक पिक्सेल म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त.

स्मूथ करण्याचे काम म्हणजे शेवटी काय असते, तर प्रत्येक बिंदूचा रंग त्याच्या शेजारपाजारच्या बिंदूंच्या सरासरीत मिसळणे. शेजारपाजार किती लांबचा धरायचा, तो घेर पिक्सेलमध्ये ठरलेला असतो. तो घेर १० पिक्सेल आहे असे समजू. नवरीच्या चेहऱ्यावर १० पिक्सेल म्हणजे सव्वा मिलिमीटरसुद्धा नाही. तेवढ्यात रोमछिद्रे, बारीक पुटकुळ्या आणि मेकअपचे कण मिसळून जातात, पण खळी, तीळ, ओठांची कड शाबूत राहते. म्हणून लग्नाच्या अल्बममध्ये ते सेटिंग शोभून दिसते. तेच १० पिक्सेल नानांच्या चेहऱ्यावर ६ मिलिमीटर होतात. देवीचा व्रण तीन ते पाच मिलिमीटरचा असतो. सासूबाईंचा गोंदणाचा ठिपका तीन मिलिमीटरचा असेल. भुवईतली रेघ त्याहून बारीक. ही सगळी माणसाची ओळख त्या घेराच्या आत बसते आणि सरासरीत बुडते. सेटिंग तेच राहिले, चेहरा पाचपट लहान झाला, म्हणून परिणाम पाचपट झाला.

यातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. आमच्या फोटोत रोमछिद्रे दिसतच नव्हती. एक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरहून मोठा असताना त्याहून बारीक असलेले छिद्र दिसणार कसे? म्हणजे ज्यासाठी हे सेटिंग बनवलेले आहे ते तिथे नव्हतेच, आणि त्याने मग जे होते ते खाल्ले. मोठ्या समूहाच्या फोटोत कातडी स्मूथ करण्याची गरज बहुधा पडतच नाही, असे माझ्या अनुभवावरून मी म्हणेन. गरज पडते ती कपाळावरच्या लाइटची चमक कमी करण्याची, कोणाच्या गालावर त्याच आठवड्यात आलेली पुळी काढण्याची, कॉलरवरचा धागा पुसण्याची.

याला जोडूनच एक छोटी बाब. त्याच सेटिंगमध्ये चेहऱ्याचा रंग उजळण्याचा भागही असावा, कारण घरात तीन वेगवेगळ्या सावळ्या छटा आहेत आणि फोटोत अकराही जण एकाच छटेचे झाले आहेत. माझी नणंद नानांच्या रंगावर गेली आहे असे लहानपणापासून सगळे म्हणत आले. या फोटोवरून ते कोणाला कळणार नाही. नव्या प्रतीत तो भागही बंद ठेवावा.

आपण म्हणाल, की प्रिंट करण्याआधी आम्ही फोटो पाठवला होता आणि तुमच्याकडून होकार आला होता. हे खरे आहे. तो होकार माझ्या यजमानांनी दिला आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही दिला असता. तो फोटो व्हॉट्सॲपवर आला होता. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो तिथे लहान होतो. आमच्या मोबाइलवर उतरवलेली फाइल मी तपासली, ती लांबीला १६०० पिक्सेल आहे. म्हणजे त्यात नानांचा चेहरा ७० पिक्सेलच्याही आत आला. एवढ्या लहान चेहऱ्यावर व्रण मुळातच दिसत नाहीत, मग ते आहेत की पुसले आहेत हे कसे कळावे? आम्ही पाहिले ते एवढेच, की सगळ्यांचे डोळे उघडे आहेत, कोणाचा पदर सरकलेला नाही आणि धाकटा कॅमेऱ्याकडे बघतो आहे. आमचा होकार त्या गोष्टींना होता. चेहऱ्यांना होकार देण्यासाठी चेहरे दिसायला हवेत.

या ठिकाणी मी एका जुन्या फोटोचा उल्लेख करते. आमच्याकडे नाना-सासूबाईंचा १९६८ सालचा लग्नानंतरचा फोटो आहे, कृष्णधवल. तो जिथे काढला तो स्टुडिओ आता नाही, पण फोटोबरोबर त्याची पोस्टकार्डाएवढी निगेटिव्ह नानांनी पाकिटात जपून ठेवली आहे. ती तिरपी धरून उजेडात पाहिली, तर तिच्या एका बाजूवर शिसपेन्सिलीचे अतिशय बारीक ठिपके दिसतात. तेव्हा रिटचिंग असे होत असे. निगेटिव्हमध्ये सावलीचा भाग पारदर्शक असतो. तिथे पेन्सिलीचे टोक हलकेच टेकवत गेले, की प्रिंटमध्ये ती सावली तेवढी उजळते. त्या माणसाने सासूबाईंच्या डोळ्यांखाली आणि नानांच्या नाकालगतच्या खोल सावलीत ठिपके भरले आहेत. गालांवर पेन्सिल जवळपास नाहीच. चोवीस वर्षांच्या नानांचे व्रण त्या फोटोत आहेत, जरा सौम्य, पण आहेत. हनुवटीवरचे गोंदण तर लख्ख आहे. त्या माणसाला एका चेहऱ्यासाठी अर्धा-पाऊण तास लागत असेल आणि कदाचित म्हणूनच, जे काढायची गरज नाही ते काढण्याच्या भानगडीत तो पडला नसेल. आता तीच गोष्ट एका क्लिकमध्ये होते, आणि ती न करण्यासाठीच उलट वेळ काढावा लागतो. जुने ते सोने असे मला म्हणायचे नाही. त्याच स्टुडिओने गालावर लाल रंग फासून बिघडवलेले फोटोही आमच्या पाहण्यात आहेत.

तेव्हा माझी विनंती अशी आहे. नवा फोटो करताना आता तयार असलेल्या फाइलवर काम करू नये. तीत जे मिसळले गेले ते परत वेगळे होत नाही. ती फाइल शार्प केली, तर कडा करकरीत होतील, चेहऱ्याभोवती पांढुरकी रेघ उठेल, पण व्रण येणार नाहीत. त्यावर वरून दाणे घातले, तर कातडी खरखरीत दिसेल, पण ती नानांची कातडी नसेल. कृपया कॅमेऱ्यातून आलेली मूळ रॉ फाइल घ्यावी. ती पुसली गेली असेल, तर कॅमेऱ्याची मूळ जेपेग चालेल. आणि ऑपरेटरने स्मूथ केलेला थर वेगळ्या लेयरवर ठेवून फाइल जपली असेल, तर उत्तमच. तो लेयर बंद केला की खालचे चेहरे जसेच्या तसे मिळतील आणि काम पाच मिनिटांत निम्मे होईल.

त्यानंतर काय ठेवायचे आणि काय काढायचे, याचा एक साधा निकष मी माझ्या कामात वापरत आले आहे. पंधरा दिवसांनी आपोआप जाणार असेल ते काढावे. जन्मभर राहणार असेल ते विचारल्याशिवाय काढू नये. या निकषाने आमच्या फोटोत काढण्यासारख्या गोष्टी मोजक्याच आहेत. मोठ्या पुतणीच्या गालावरची पुळी, तिने स्वतःच सांगितल्याप्रमाणे, काढावी. मेहुण्यांच्या कपाळावर हेल्मेटने खरचटलेले होते ते काढावे. नानांच्या टकलावर लाइटचा पांढरा ठिपका पडला आहे तो कमी करावा, पूर्ण पुसू नये, नाहीतर डोके चपटे दिसते. माझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे निम्म्याने हलकी केलीत तर माझी हरकत नाही; ती पंधरा दिवसांत जाणारी नाहीत हे मला ठाऊक आहे, पण पत्र लिहिणाऱ्याला एवढी सवलत असावी. बाकी नानांचे व्रण, भुवईतली रेघ, सासूबाईंचे गोंदण, यजमानांच्या ओठावरचा तीळ, दिराची दाढी यांना हात लावू नये. सुरकुत्या राहू द्याव्यात. एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या सहस्रचंद्रदर्शनाचा फोटो आहे; त्यात वय दिसले तर बिघडत नाही.

ऑपरेटरला एवढे सुचवावेसे वाटते, की काम करताना फोटो तीनशे टक्के मोठा करून चेहऱ्यात शिरले, की प्रत्येक व्रण बशीएवढा दिसतो आणि हात आपोआप तिकडे जातो. मलाही ती खोड होती. मधून मधून फोटो प्रत्यक्ष प्रिंटच्या मापाएवढा करून, खुर्ची मागे सरकवून पाहावे. भिंतीवरचा फोटो कोणी भिंगातून पाहत नाही.

आणि मंजुरीसाठी या वेळी मोबाइलवर फोटो पाठवू नये. पूर्ण फाइल छापण्याआधी तिच्यातला नाना आणि सासूबाईंचा भाग, मोठा-लहान न करता, आहे त्याच मापाने चार बाय सहा इंचांच्या कागदावर छापावा. दोघे शेजारी बसले आहेत, त्यामुळे दोन्ही चेहरे त्या एका तुकड्यात मावतात. त्या छोट्या प्रिंटचे जे काही पैसे होतील ते मी देईन. ती पाहून मी तिथल्या तिथे सही करीन, आणि मग मोठी प्रिंट कशीही आली तरी ती जबाबदारी माझी.

खर्चाविषयी स्पष्ट बोललेले बरे. फ्रेम आणि काच चांगली आहे, तीच वापरावी. मोठी प्रिंट आणि लॅमिनेशन नव्याने करावे लागेल, त्याचा खर्च स्टुडिओने सोसावा असे मला वाटते, कारण आम्ही रिटचिंग मागितलेले नव्हते. आपल्या पावतीवर माप, कागद, लॅमिनेशन, फ्रेम, आगाऊ रक्कम आणि बाकी या सर्वांसाठी रकाने आहेत, रिटचिंगसाठी नाही. ते न विचारता होते, म्हणून ते मागितले की नाही याची कुठे नोंदही राहत नाही. तिथे एक रकाना वाढवावा आणि "काहीही नको", "फक्त तात्पुरते डाग", "पूर्ण" असे तीन पर्याय छापावेत, ही माझी सूचना. छपाईचा पुढचा गठ्ठा काढताना हे सहज होईल. पावतीचा मजकूर मी विनामूल्य जुळवून देईन. ज्यांना पूर्ण हवे आहे त्यांना ते जरूर द्यावे. ऑपरेटर म्हणाला, की न केल्यास गिऱ्हाईक भांडते, आणि तेही मी पाहिलेले आहे. भांडण टाळण्यासाठी सगळ्यांनाच तेच लावणे सोपे पडते, हेही समजते. पण मग आमच्यासारखे गिऱ्हाईक भांडते.

मूळ फाइल कोणत्याच स्वरूपात उरली नसेल, तर तसे कृपया मला लवकर कळवावे. फोटो पुन्हा काढणे अवघड आहे. नणंद लातूरहून आली होती, धाकटे दीर पुण्याहून, आणि अकरा जण एका दिवशी एका जागी पुन्हा कधी येतील ते सांगता येत नाही. नानांना जुन्या घराचा जिना उतरवून रिक्षातून आणावे लागले होते. तशी वेळ आल्यास घरी येऊन फक्त नाना-सासूबाईंचा वेगळा फोटो काढून द्यावा, एवढ्यावर आम्ही समाधान मानू. पण त्याआधी स्टुडिओतील जुन्या हार्ड डिस्क एकदा नीट पाहाव्यात, कारण माझ्या अनुभवाने फाइल "पुसली" असे म्हणतात तेव्हा ती बहुतेक वेळा दुसऱ्याच फोल्डरमध्ये असते.

येत्या सोमवारी दुपारी चारच्या सुमारास, आपल्याकडे गर्दी नसते त्या वेळी, मी फ्रेम घेऊन स्टुडिओत येईन. सोबत १९६८ चा फोटो, पुतण्याने त्याच दिवशी मोबाइलवर ब्यूटी मोड बंद ठेवून काढलेले नानांचे दोन फोटो आणि मूळ पावती असेल. ऑपरेटर त्या वेळी जागेवर असेल असे पाहिलेत, तर शेजारी बसून अर्ध्या तासात काम उरकेल. भिंतीवरचा खिळा आम्ही तसाच ठेवला आहे. सध्या त्यावर कॅलेंडर लावले आहे.

कळावे.

आपली नम्र,
अकरा जणांतील मागच्या रांगेत उजवीकडून दुसरी,
सोलापूर